आकडा कोणी झाकला

बबनराव काका दुकानाच्या पायरीवर दिसले की मी आधीच सांगून टाकते, "काका, प्रिंटरमधला कागद संपला." तरी ते बसतातच. एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टर होते. गाडीत जागा नाही म्हटल्यावर मागं फिरणारे प्रवासी त्यांनी कधी पाहिले नाहीत, मग ते स्वतः तरी कसे फिरतील?

माझं दुकान दिग्रसच्या स्टँडसमोर आहे. झेरॉक्स, प्रिंट, पीकविम्याचे अर्ज, दाखले, शिवाय लोकांच्या मोबाइलवरच्या सगळ्या भानगडी. माणसं मोबाइल हातात देतात आणि "पाय बरं याले काय झालं" म्हणून उभी राहतात. त्या दिवशी काकांनीही तेच केलं. स्टुलावर बसले, चष्मा वर सरकवला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"निशे, पाय. कंपनीनं माही मुस्की बांधली."

"कोणत्या कंपनीनं?"

"यूट्यूबनं! दुसऱ्या कोणत्या?"

इथं थोडं मागं जावं लागेल. काकांची बायको विमल काकू ब्लाऊज शिवतात आणि शिकवतातही. चार वर्षांपूर्वी मी त्यांना यूट्यूबवर चॅनल काढून दिलं. कटोरी ब्लाऊज, बोटनेक, अस्तर कसं लावायचं, गळा का उचलतो. काकू कॅमेऱ्याकडं न बघता कापडाकडं बघून बोलतात, म्हणूनच बायांना त्या आपल्या वाटतात. त्यांच्या कटोरीच्या व्हिडिओला चार हजारांवर लाईक आहेत. काका कॅमेरा धरतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांना वाटलं की आपणही बोलावं. मग त्याच चॅनलवर त्यांचे व्हिडिओ यायला लागले: रस्त्यावरच्या गमती, प्रवाशांचे किस्से, घाटात बंद पडलेली गाडी. तीन महिन्यांत सहा झाले. त्यातला त्यांचा सर्वांत लाडका म्हणजे 'जामणीची मुक्कामी गाडी'.

आता खरं सांगते, ब्लाऊजचा गळा शिकायला आलेल्या बायांना मुक्कामी गाडीचं काय करायचं? मी हे काकांना कधी बोलले नाही. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता. हे सांगायला लाज वाटते, पण पुढं उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवते.

"हे पाय," काका म्हणाले. "विमलच्या व्हिडिओखाली अंगठा हाय अन् त्याच्यापाशी चार हजार एकशे आकडा हाय. माह्या व्हिडिओखाली अंगठा हाय, आकडा नाही. सहाच्या सहा व्हिडिओले नाही! काहून? तर मी एसटीवर बोलतो. सरकारी मामला हाय. बोलण्यात दम हाय. कंपनी घाबरली."

"काका, अमेरिकेतली कंपनी दिग्रसच्या कंडक्टरला घाबरली?"

"तूच सांगतलं होतं ना, त्या कंपनीनं उलट्या अंगठ्याचे आकडे काढून टाकले म्हणून? तवा ते आकडे खाल्ले, आता हे खाऊन राह्यली."

सांगितलं मीच होतं, ते खरं. न आवडल्याचा जो उलटा अंगठा असतो, त्याचा आकडा यूट्यूबनं २०२१ मध्ये सगळ्यांपासून झाकला. सगळ्या जगाच्या सगळ्या व्हिडिओंवरून एकदम. तो फक्त व्हिडिओवाल्याला आतून दिसतो. ते कंपनीनंच ठरवलं होतं, त्यात व्हिडिओवाल्याला कोणी विचारलं नव्हतं.

पण सुलट अंगठ्याची गोष्ट वेगळी आहे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

मी माझा मोबाइल काढला. कोणाचा आकडा दिसेनासा झाला की मी आधी हेच बघते, कुठं कुठं दिसत नाही ते. इन्स्टावर पाहणाराही स्वतःपुरते दुसऱ्यांचे आकडे बंद करू शकतो, तेव्हा तिथं आपलाच मोबाइल आधी तपासावा लागतो. यूट्यूबवर पाहणाऱ्याच्या हातात तसलं बटण नाही. तरी मी माझ्या मोबाइलवर पाहिलं. काकांच्या व्हिडिओवर आकडा नाही. काकूंच्या व्हिडिओवर आहे. एसटीवर बोलणाऱ्या दुसऱ्या एका माणसाचा व्हिडिओ काढला, तिथंही आकडा होता. म्हणजे एसटीचा विषय म्हणून कोणी काही झाकलेलं नव्हतं. आणि एकाच चॅनलवरच्या काही व्हिडिओंना आकडा असतो, काहींना नसतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो. चॅनलच्या माणसानं आत जाऊन, एक एक व्हिडिओ उघडून, तो बंद केलेला असतो.

चॅनल सांभाळायची परवानगी माझ्याकडं आहे. कॉम्प्युटरवर मी चॅनलची आतली बाजू उघडली, तिला स्टुडिओ म्हणतात. स्क्रीन माझ्याकडं होती आणि काका समोर. मुक्कामी गाडीचा तपशील उघडला, 'आणखी दाखवा' दाबलं आणि अगदी तळाशी गेले. तिथं एक चौकोन असतो, 'किती जणांना हा व्हिडिओ आवडला ते दाखवा' अशा अर्थाचा. त्यात बरोबरची खूण असते. इथं चौकोन रिकामा होता. बाकीच्या पाचांतही तेच.

आकडा जगापासून झाकला तरी आतून दिसतो. मी यादीकडं पाहिलं. मुक्कामी गाडी, चौदा लाईक. बाकीच्यांना नऊ, सात, अकरा, सहा, आठ. आणि मुक्कामी गाडीला एक उलटा अंगठा.

"काय दिसते?" काकांनी मान लांब केली.

मी स्क्रीन बंद केली. "नेट गेलं."

"नेटही त्याईनंच तोडलं!" काका म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे टाइप करून दे. रविवारी निवृत्त कर्मचाऱ्यांची बैठक हाय. तेथी वाचून दाखवतो अन् मंग कंपनीले पाठवतो."

कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराच्या सहा चित्रफितींच्या लाईक आपणाकडून विनाकारण जप्त करण्यात आलेल्या असून त्या त्वरित परत करण्याची तजवीज व्हावी." खाली बिल्ला नंबरही होता.

हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. रविवारच्या बैठकीला पन्नास-साठ जण येतात. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी नातवंडं व्हिडिओ टाकतात. काका उभे राहून अर्ज वाचणार, आणि कोणीतरी मागून ओरडणार की हे कंपनी करत नाही, तुमच्या घरचंच कोणीतरी करतं. मग विचारणार, किती होते हो? तेहेतीस वर्षं ज्या माणसाच्या "पुढं सरका" या दोन शब्दांवर गाडी हलायची, त्याला सगळी बैठक हसणार होती. आणि हा माणूस हसलं की चिडत नाही, गप्प होतो. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते असेच गप्प होते. या व्हिडिओंनीच त्यांना पुन्हा बोलतं केलं होतं.

"कागद संपलाय काका," मी म्हटलं. त्या दिवशी खरंच संपला नव्हता.

काका अर्ज टेबलावर ठेवून गेले तशी मी दुकानाला अर्धं शटर ओढून काकूंकडं गेले. काकू मशीनवर बसून हुक लावत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ते तुह्याकडं आले होते ना?"

"काकू, सहा व्हिडिओंची खूण कोणी काढली?"

काकूंनी दातानं दोरा तोडला. "तूच तं शिकवलं होतं."

शिकवलं होतंच. चॅनल काढलं त्या आठवड्यात मी सगळी बटणं दाखवली होती, हे कशाला, ते कशाला. या चौकोनाबद्दल मी फिसकन हसून म्हटलं होतं, "हे लाजाळू लोकांसाठी. लाईक कमी आले की झाकायला." स्वतःचं तोंड कधी कधी स्वतःलाच नडतं.

"पहिल्या व्हिडिओले दुसऱ्या दिवशी तीन झाले होते," काकू म्हणाल्या. "त्यात एक माहा. हे अंगण झाडून राह्यले होते. झाडून झालं की मोबाइल पाहणार. म्या म्हटलं, हा माणूस आतापर्यंत जगाची डोकी मोजत आला, आता लोक याचीच तीन मोजतीन? पटकन काढून टाकली खूण."

"आणि मग प्रत्येक वेळी?"

"टाकायच्या आधीच काढतो आता. सवय झाली."

"पण काकू, ते आता कंपनीशी भांडायला निघालेत. रविवारी सगळ्यांसमोर!"

काकूंनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "माही माय सांगे, ताटावर बसलेल्या माणसाच्या भाकरी मोजू नये. मोजल्या तं त्याचं पोट भरत नाही. चाळीस वर्षं झाली, म्या याईच्या भाकरी मोजल्या नाही. ते बोलतात ना त्या व्हिडिओत, तेव्हा जेवून राह्यलेच दिसतात मले. मंग लोकाईनं काहून मोजा?"

"तुमचे मात्र उघडे ठेवले."

"माह्या शिकवणीचे हायेत. ते मोजले तं मोजले. याईचं शिकवणी थोडीच हाय, याईचं मन हाय." आणि वर मलाच दम भरला, "तू सांगशीन नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठवाला स्वतःच चौकात उभा राहून 'माझी मूठ कोणी झाकली' म्हणून ओरडायला लागला तर काय करायचं? ते काही कोणाच्या मायनं सांगून ठेवलेलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी रोज ठरवायची की काकांना सांगून टाकू, आणि काका समोर आले की कोणाचा तरी पीकविम्याचा अर्ज उघडून बसायची. एकदा वाटलं, कोणाला न विचारता खूण लावूनच टाकावी. पण मग चौदा दिसतील. चौदाच कशाला, सहाही दिसतील. मनातल्या मनात मी स्वतःलाच शिव्या घातल्या. चौदात मी नव्हते, आणि आता अंगठा दाबला असता तर ती भीक झाली असती.

रविवारी सकाळी नऊला काकांचा फोन आला. "घरीच ये. अर्ज घेऊन ये. हरिसिंग आला हाय."

हरिसिंग राठोड म्हणजे काकांचे जुने ड्रायव्हर. पांढरकवडा डेपोत दोघं एकाच गाडीवर होते, जामणीची मुक्कामी गाडी यांचीच. एकमेकांशिवाय करमत नाही आणि समोर आले की भांडल्याशिवाय राहवत नाही. मी अर्ज टाइप करून नेला होता. न नेऊन करते काय?

गेले तर काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खुर्चीवर, हरिसिंग काका दिवाणावर, काकू मशीनपाशी. सगळ्यांच्या हातात चहा.

"वाच," काका म्हणाले. "हरिसिंगलेही आयकू दे."

मी वाचायला लागले. 'जप्त' या शब्दापाशी हरिसिंग काकांनी बशी खाली ठेवली.

"बबन्या, माही नात म्हणते, हे कंपनी नाही करत."

"तुह्या नातीले काय समजते?"

"तिचं चॅनल हाय मेंदीचं. ते म्हणते, ज्याचं चॅनल, तोच लपवते. आंदर एक खूण असते. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुह्यं. कंपनीच्या नावानं बोंब कायले मारतं?"

काकूंचा पाय मशीनच्या पायडलवर होता, तो तसाच राहिला. काका माझ्याकडं बघत होते. "निशे. खरं हाय काय?"

मी काकूंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेले, "हो काका. मीच काढली. चुकून. म्हणजे दुसरं बटण दाबायला गेले आणि—"

"सहाही व्हिडिओले चुकून?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं तर निदान एकदाच चुकावं, सहा वेळा चुकणाऱ्याला कोण सोडतं?

काका एवढंच म्हणाले, "मंग त्या दिवशी नेट गेलं नव्हतं." माझ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला सहन झाली नाही. या घरात मी सातवीत असल्यापासून जेवत आलेय. माझे बाबा गेले तेव्हा पंधरा दिवस काकूंनी डबा पाठवला होता. आणि या माणसाला आता वाटत होतं की मी त्याला हसत होते.

"खोटं कायले बोलतं वं पोरी," काकू एकदम म्हणाल्या. "म्या काढली. सहाही व्हिडिओची. अन् चुकून नाही."

काकांनी मान वळवली. "तू?"

"मी."

"काहून?"

काकूंनी पदर सारखा केला. मला सांगितलेली भाकरीची गोष्ट त्यांना नवऱ्यासमोर सांगता येईना. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या भाकरी म्या कधी मोजल्या काय?"

"नाही."

"मंग."

हरिसिंग काका खाली मान घालून कपबशीकडं बघत बसले. त्यांना आता तिथून उठून जायचं होतं, पण दार काकांच्या मागं होतं.

काकांनी हातातला चहा खाली ठेवला. मला वाटलं, झालं. हा माणूस आता पुन्हा दोन वर्षं बोलणार नाही. मग त्यांनी शांतपणे मला विचारलं, "मुक्कामी गाडीले किती?"

काकूंनी डोळ्यांनी नको नको केलं. पण माझ्या खोट्याचा कोटा संपला होता.

"चौदा."

"चौदा?"

"चौदा, काका." आणि एकदाचं सगळं सांगून टाकावं म्हणून पुढं म्हटलं, "एक उलटा अंगठाही आहे. तो फक्त आतून दिसतो."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग हरिसिंग काकांकडं वळले. "हरिसिंग, जामणीच्या गाडीत शेवटच्या टप्प्याले किती राहत?"

"शेवटच्या टप्प्याले?" हरिसिंग काकांनी डोकं खाजवलं. "तीन. कधी चार. मुकुटबनले सारी गाडी रिकामी होऊन जाय."

"चौदा कधी होते काय?"

"चौदा? बापा! चौदा तं बाजाराच्या दिवशीही नव्हते."

"मंग तिघं हायेत म्हणून म्या कधी गाडी थांबवली काय?" काका आता काकूंशी बोलत होते आणि आवाज चढत होता, पण तो रागाचा नव्हता. "एक म्हातारी राहे, तिले दवाखान्यातून जाचं राहे. एक मास्तर. एक पोरगा पिठाचं पोतं घेऊन. तिघाईसाठी म्या सत्तावीस किलोमीटर दोनदा घंटी वाजवत गेलतो वं! त्याईची नावं अजूनही सांगू शकतो मी. अन् तू चौदा जणाईले झाकून ठेवलं? बिचारे चौदा जण गाडीत बसून हायेत अन् कंडक्टरलेच मालूम नाही!"

काकू म्हणाल्या, "मले वाटलं तुमाले कमी वाटन."

"चार हजार म्हटलं असतं तं मले समजलं नसतं," काका म्हणाले. "तो आकडा हाय. चौदा माणसं हायेत. चौदा मले मोजता येतात."

मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला काय जातं? ज्या माणसाला आम्ही दोघी कापसात गुंडाळून ठेवत होतो, तो आमच्यापेक्षा कितीतरी पक्का निघाला. तेहेतीस वर्षं त्याला लोक कमी भेटले की जास्त, याचा हिशेब नव्हताच. आपल्याला कोण कोण भेटलं, हे त्याला माहीत होतं.

"निशे, लाव ती खूण," काका म्हणाले. "सहाही व्हिडिओले. अन् हा अर्ज फाड. ना, राहू दे, मागच्या कोऱ्या बाजूवर विमलले माप लिहाले होईन."

माझ्या मोबाइलवर स्टुडिओ आहेच. एकेक व्हिडिओ उघडला, चौकोनात खूण केली, जतन केलं. काका खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून बघत होते. स्टुडिओतून बाहेर पडून काकांच्या मोबाइलवर मुक्कामी गाडी नव्यानं उघडली. एकदा काही दिसलं नाही, बंद करून पुन्हा उघडली. अंगठ्याजवळ आकडा आला. चौदा.

"आला!" काका म्हणाले.

"तो उलटा अंगठा कोणाचा, ते नाव दिसते काय?" हरिसिंग काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाव कोणाचंच दिसत नाही," मी म्हटलं. "लाईकचंही नाही."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की पुढं काही विचारायची गरज उरली नाही.

"तुह्याच गाडीत बसून तूच बोंबलून राह्यला काय रे?"

"त्यात तू सांगतलं का खातेऱ्याच्या वळणावर मी झोपलतो म्हणून! सारी नातवंडं हसली घरात."

"झोपलताच तू!"

हरिसिंग काकांनी मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं काहीतरी दाबलं. काकांनी स्वतःच्या मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा उघडला. थोडा वेळ चौदाच होते, मग पंधरा झाले. काकांनी हरिसिंग काकांच्या कपात आपला उरलेला चहा ओतला.

काकू इतका वेळ मशीनपाशीच होत्या. आता उठल्या, पदराला हात पुसले आणि आपला मोबाइल घेतला. "थांबा, मलेही दाबू द्या. नव्यानं दाबतो."

मी 'अहो काकू' म्हणेपर्यंत त्यांनी दाबलंही. काकूंच्या मोबाइलवर काळा झालेला अंगठा पांढरा झाला आणि पंधराचे चौदा झाले. काकू घाबरल्या. "काय झालं? गेला कुठी?"

"काकू, तुमचा आधीच होता. दुसऱ्यांदा दाबलं की निघून जातो."

काकांनी ते ऐकलं. काकूंच्या हातातला मोबाइल घेऊन बघितला, मग काकूंकडं बघितलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात मिशी हलायला लागली होती.

"म्हणजे तू गाडीतच होती? कवापासून?"

काकूंनी मोबाइल ओढून घेतला, अंगठा पुन्हा दाबला आणि पंधरा आलेले नीट बघून घेतले. मग मशीनवर जाऊन बसल्या, पाठ आमच्याकडं करून.

"पहिल्या फेरीपासून," त्या म्हणाल्या. "रुमाल टाकून जागा धरली होती म्या. तुमीच कधी तिकीट विचारलं नाही."